लॅप्सच्या यादीत चौदा दिवस शिल्लक, प्रत्यक्षात ग्रेस संपलेली: पॉलिसी नोंदवही दर महिन्याला का चुकते आणि ती कशी दुरुस्त करावी

कराडमध्ये माझ्या मेहुण्यांची आयुर्विम्याची एजन्सी आहे आणि त्यांच्या ग्राहकांची नोंदवही गेली काही वर्षे मी गूगल शीट्समध्ये सांभाळतो. सुमारे पावणेचारशे पॉलिसी आहेत. या नोंदवहीतून दर सोमवारी ‘लॅप्सच्या जवळ आलेल्या पॉलिसी’ अशी एक यादी निघते आणि तिच्यावरून फोन केले जातात. यादी अधूनमधून चुकत असे. कधी हप्ता भरलेल्या माणसाला फोन जाई, कधी ज्याला फोन जायला हवा त्याचे नाव यादीत येतच नसे. प्रत्येक वेळी ती एक ओळ हाताने दुरुस्त केली की काम भागे, आणि पुढच्या महिन्यात दुसरीच ओळ चुकलेली सापडे. मूळ कारण शोधावेच लागले ते पुढील प्रकरणामुळे.

एका ग्राहकांची पॉलिसी १२ मे २०१६ रोजी सुरू झालेली होती: वार्षिक हप्ता, मुदत २० वर्षे, विमा रक्कम ५ लाख रुपये. हे गृहस्थ ऊसबिल हातात आल्याखेरीज हप्ता भरत नाहीत, त्यामुळे त्यांचा हप्ता बहुधा ग्रेसमध्येच, म्हणजे देय तारखेनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या मुदतीतच येतो. २०२३ चा हप्ता त्यांनी २९ मे रोजी भरला. त्यानंतर १४ जून २०२४ रोजी मी यादी पाहिली तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘१४ दिवस शिल्लक’ असे दिसत होते, म्हणून फोन पुढच्या सोमवारवर ढकलला. त्याच संध्याकाळी ते स्वतःहून ऑनलाइन हप्ता भरायला बसले आणि त्यांचा फोन आला: “दादा, यात हप्त्याच्या वर विलंब शुल्क मागतायत, आणि तुमचा तर अजून फोनही आला नाही ना?”

पोर्टलचा आकडा बरोबर होता, आमची यादी चूक होती. देय तारीख १२ मे २०२४ होती आणि बाँडप्रमाणे ३० दिवसांची ग्रेस ११ जूनला संपली होती. नोंदवहीत मात्र देय तारीख २९ मे अशी लागली होती, कारण ज्याने हे पान मुळात तयार केले (म्हणजे मीच) त्याने पुढील देय तारीख मागच्या भरण्याच्या तारखेवरून काढली होती: भरल्याच्या तारखेत १२ महिने मिळवायचे की झाले. हप्ता जर कोणी दर वर्षी देय तारखेलाच भरत असेल तर हे सूत्र वर्षानुवर्षे बरोबर उत्तर देते, आणि म्हणूनच ही चूक इतकी वर्षे लपून राहिली. ग्रेसमध्ये भरणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत मात्र जितके दिवस उशीर, तितके दिवस देय तारीख पुढे सरकते, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी सरकते, आणि लॅप्स होण्याची शक्यता ज्यांची सर्वांत जास्त, नेमके त्यांनाच नोंदवही सर्वांत जास्त दिवस शिल्लक दाखवते.

या चुकीची किंमत किती, तेही येथेच सांगतो. ग्रेसच्या काळात मृत्यू झाला तर पॉलिसी चालू धरली जाते आणि थकलेला हप्ता वजा करून दावा मिळतो. ग्रेस संपली की पुरेसे हप्ते भरून सरेंडर मूल्य मिळालेली पॉलिसी पूर्ण बंद न पडता पेड-अप होते. म्हणजे २० पैकी ८ हप्ते भरलेले असतील तर ५ लाखांचे संरक्षण आठ-विसांश, म्हणजे २ लाखांवर येते, आणि तोवर जमलेला बोनस असल्यास तो त्यात धरला जातो. पुरेसे हप्ते भरलेले नसतील तर संरक्षण उरतच नाही. काही योजनांत कंपनी त्यानंतरही ठरावीक महिने दाव्याला सवलत देते, हे खरे. पण त्या सवलतीच्या भरवशावर फोनची यादी बेतू नये. आमच्या ग्राहकांनी त्याच संध्याकाळी विलंब शुल्कासह हप्ता भरला, तेव्हा प्रकरण तेवढ्यावर मिटले.

आधी तारखा तारखाच आहेत का ते पाहावे

सूत्र बदलण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते, कारण ती बिघडलेली असेल तर कोणतेही सूत्र बरोबर चालत नाही. आपण १२/०५/२०१६ असे लिहितो तेव्हा आपल्या मनात बारा मे असते. पण शीटचे लोकेल अमेरिकेचे असेल तर ती ५ डिसेंबर समजली जाते आणि कोणतीही तक्रार न करता तारीख म्हणून साठवली जाते. २५/०५/२०१६ लिहिले तर पंचविसावा महिना नसल्यामुळे शीट ती तारीख मानतच नाही आणि नुसता मजकूर म्हणून ठेवते. म्हणजे एकाच स्तंभात काही तारखा उलट्या होतात आणि काही तारखा राहतच नाहीत, आणि डोळ्यांना सगळा स्तंभ सारखाच दिसतो. फरक एवढाच की मजकूर झालेली तारीख रकान्यात डावीकडे चिकटते आणि खरी तारीख उजवीकडे.

आमच्या यादीतून नावे गायब होण्याचे कारण हेच होते. मजकुरावर तारखेचे गणित केले की `#VALUE!` अशी चूक येते. ती पानावर वाईट दिसते म्हणून कोणीतरी प्रत्येक सूत्राला `IFERROR` चे वेष्टन घालून चूक असेल तिथे रिकामा रकाना दाखवण्याची सोय केली होती, आणि रिकामा रकाना यादीच्या कोणत्याच अटीत बसत नाही. नोंदवहीत `IFERROR` वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे; या कामात लाल चूक दिसलेली परवडते, रिकामी जागा परवडत नाही.

तपासणी दोन सूत्रांची आहे. आरंभ तारखा `D` स्तंभात आहेत असे धरले, तर पहिले सूत्र मजकूर झालेल्या ओळी मोजते आणि दुसरे खऱ्या तारखांमधील सर्वांत मोठा दिवस सांगते:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(D2:D400))
=ARRAYFORMULA(MAX(IF(ISNUMBER(D2:D400),DAY(D2:D400),0))) 
```

दुसरे सूत्र ज्यांना अवघड वाटेल त्यांनी ते सोडून द्यावे. शेजारी एक तात्पुरता स्तंभ घेऊन प्रत्येक ओळीत `=DAY(D2)` लिहिले आणि तो स्तंभ नजरेखालून घातला तरी काम होते, किंबहुना मी शेवटी तेच केले. शेकडो पॉलिसींपैकी निम्म्याहून अधिकांचा आरंभ महिन्याच्या बारा तारखेनंतरचा असणे स्वाभाविक आहे. जर त्या स्तंभात एकही आकडा बाराच्या वर नसेल, आणि बाराच्या वरचे सगळे मजकूर झालेले असतील, तर दिवस आणि महिना उलटले आहेत हे नक्की समजावे.

उपाय असा. प्रथम `File` > `Settings` मध्ये `Locale` बदलून `India` करावे. यामुळे पुढे लिहिल्या जाणाऱ्या तारखा बरोबर होतात, परंतु आधीच उलटलेल्या तारखा त्यामुळे सरळ होत नाहीत. त्यांच्यासाठी नव्या स्तंभात पुढील सूत्र चालवून, उत्तरे केवळ मूल्य म्हणून जुन्या जागी चिकटवावी लागतात.

```
=IF(ISTEXT(D2),
 DATE(RIGHT(TRIM(D2),4),MID(TRIM(D2),4,2),LEFT(TRIM(D2),2)),
 DATE(YEAR(D2),DAY(D2),MONTH(D2)))
```

हे सूत्र दिवस आणि महिना दोन-दोन अंकी लिहिलेले असतील तरच चालते, आणि संपूर्ण स्तंभ एकाच चुकीच्या लोकेलमध्ये भरला गेला असेल तरच चालवावे. काही ओळी नंतर दुरुस्त झालेल्या असतील तर हेच सूत्र त्या पुन्हा उलट्या करील. आमच्याकडे अशा मिश्र ओळी होत्या, त्यामुळे शंका आलेल्या तीसेक पॉलिसींचे बाँड काढून तारखा हाताने पडताळाव्या लागल्या. त्यानंतर स्तंभाचे रूप `dd-mmm-yyyy` असे ठेवले, म्हणजे महिना अक्षरांत दिसतो आणि उलटसुलट झाले तर लगेच डोळ्यांत भरते.

त्याच `Settings` मध्ये `Time zone` असते, तेही पाहून घ्यावे. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले असेल तर `TODAY()` आपल्याकडे दुपारी साडेबारा-दीड वाजेपर्यंत कालचीच तारीख देते, आणि सकाळी काढलेली यादी प्रत्येकाला एक दिवस जास्त दाखवते.

देय तारीख मोजावी कोठून

आता मुख्य दुरुस्ती. देय तारीख ही पॉलिसीच्या आरंभ तारखेला बांधलेली असते. हप्ता कधी भरला याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून नोंदवहीत भरल्याची तारीख माहितीसाठी खुशाल ठेवावी, पण गणितात ती घेऊ नये. गणितासाठी तीनच गोष्टी लागतात: आरंभ तारीख (`D`), दोन हप्त्यांमधील अंतर महिन्यांत (`E`, म्हणजे वार्षिकसाठी 12, सहामाहीसाठी 6, तिमाहीसाठी 3, मासिकसाठी 1) आणि आजवर भरलेल्या हप्त्यांची संख्या (`H`). पुढील देय तारीख `I` मध्ये अशी येते:

```
=EDATE(D2,E2*H2)
```

वरील प्रकरणात २०१६ ते २०२३ असे ८ हप्ते भरलेले होते; १२ मे २०१६ मध्ये ९६ महिने मिळवले की १२ मे २०२४ येते, हप्ता कितीही उशिरा भरलेला असो. आरंभ तारीख बाँडवरचीच घ्यावी, पहिल्या पावतीवरची नव्हे, कारण पॉलिसी मागील तारखेने दिलेली असेल तर या दोन्हींत काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे अंतर असते.

प्रत्येक वेळी आरंभापासूनच का मोजायचे, मागच्या देय तारखेत सहा महिने मिळवत गेले तर काय बिघडते, असे मेहुण्यांनी विचारले होते. महिनाअखेरीच्या पॉलिसी बिघडतात. ३१ ऑगस्ट २०१९ ची सहामाही पॉलिसी घ्या: त्यात सहा महिने मिळवले की २९ फेब्रुवारी २०२०, त्यात पुन्हा सहा मिळवले की २९ ऑगस्ट, मग २८ फेब्रुवारी २०२१, आणि नंतर कायमची २८ ऑगस्ट. आरंभापासून मोजले तर फेब्रुवारीत २८ किंवा २९ येते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा ३१. तारखेत ३०, ९० किंवा ३६५ दिवस मिळवणारी सूत्रे तर याहून लवकर घसरतात. ती दिसली की काढूनच टाकावीत.

जुन्या नोंदवहीत भरलेल्या हप्त्यांची संख्या बहुधा नसते. ती शेवटच्या पावतीवरून काढता येते, कारण पावतीवर पुढील देय हप्ता छापलेला असतो, कधी पूर्ण तारखेसह तर कधी केवळ महिना आणि वर्ष. तो `G` स्तंभात लिहावा. फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याची पहिली तारीख लिहिली तरी चालते, कारण पुढील सूत्राला दिवसाची गरजच नाही:

```
=((YEAR(G2)-YEAR(D2))*12+MONTH(G2)-MONTH(D2))/E2
```

येथे `DATEDIF` वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. ३१ ऑगस्ट ते २८ फेब्रुवारी हे अंतर ते पाच महिने देते. वरील सूत्राचा एक फायदा असा की उत्तर पूर्णांकात आले नाही तर आरंभ तारीख, हप्त्याचे अंतर किंवा पावतीवरून उतरवलेला महिना यांपैकी काहीतरी चुकले आहे हे तिथल्या तिथे कळते. आमच्या वहीत अशा ११ ओळी निघाल्या, आणि त्यांतील बहुतेकांत सहामाही पॉलिसी वार्षिक म्हणून लिहिलेली होती. एकदा संख्या पक्की झाली की `H` मध्ये ती मूल्य म्हणून ठेवावी, पावती आली की एकने वाढवावी, आणि वरचे सूत्र एखाद्या मोकळ्या स्तंभात पडताळणीसाठी ठेवावे.

ग्रेस, शेवटचा हप्ता आणि यादी

ग्रेसबाबत नियम सोपा आहे: मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकी सर्वांना ३० दिवस. आमच्या जुन्या पानात सर्वांनाच ३० होते, त्यामुळे मासिक पॉलिसी बंद पडल्यानंतरही पंधरा दिवस ‘ग्रेसमध्ये’ दिसत. काही जुन्या बाँडवर ‘एक महिना, पण किमान ३० दिवस’ असे लिहिलेले असते. तिथे प्रत्यक्ष मुदत एखादा दिवस जास्त निघते, पण फोन करण्याच्या यादीसाठी कमी मुदत धरणेच बरे. ग्रेसची शेवटची तारीख `J` मध्ये:

```
=I2+IF(E2=1,15,30)
```

वाहन विम्याच्या दोन-चार ओळी कोणी याच वहीत घातल्या असतील तर त्या वेगळ्या पानावर हलवाव्यात. तिथे संरक्षणाला ग्रेस नसते, मुदत संपली की संरक्षण संपले. ९० दिवसांची जी मुदत ऐकू येते ती केवळ नो क्लेम बोनस टिकवण्याची असते.

यादीत नको ती नावे येण्याचे दुसरे कारण म्हणजे हप्ते भरण्याची मुदत आणि पॉलिसीची मुदत एकच समजणे. २० जुलै २००९ ला सुरू झालेली, २१ वर्षे मुदतीची पण १५ वर्षेच हप्ते असलेली एक वार्षिक पॉलिसी आमच्याकडे आहे. तिचा पंधरावा आणि शेवटचा हप्ता २० जुलै २०२३ ला भरला गेला आणि मुदतपूर्ती २० जुलै २०३० ला आहे. नोंदवहीने मात्र २०२४ च्या जुलैत सोळावा हप्ता देय धरला आणि १९ ऑगस्ट उलटताच पॉलिसी बंद पडल्याचे दाखवले. त्या बाईंना तीन वेळा फोन गेला, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी योग्य शब्दांत आम्हाला समज दिली. म्हणून हप्ते भरण्याची मुदत (`F`) आणि पॉलिसीची मुदत (`C`) असे दोन स्वतंत्र स्तंभ हवेत. मुदतपूर्ती `=EDATE(D2,12*C2)` ने काढावी, आणि स्थितीचे सूत्र (`M`) सर्वांत आधी हप्ते पूर्ण झाले का ते पाहील असे लिहावे:

```
=IF(H2>=F2*12/E2,"हप्ते पूर्ण",
 IF(TODAY()<I2,"चालू",
 IF(TODAY()<=J2,"ग्रेसमध्ये","बंद")))
```

शिल्लक दिवस `L` मध्ये `=J2-TODAY()` असे ठेवले की सोमवारची यादी एका सूत्रात निघते, सर्वांत कमी दिवस उरलेले नाव सर्वांत वर:

```
=SORT(FILTER(A2:M400,M2:M400="ग्रेसमध्ये"),12,TRUE)
```

जुनी यादी ‘शिल्लक दिवस ३० पेक्षा कमी’ अशा अटीवर चाले, आणि उणे आकडेही तीसपेक्षा कमीच असल्यामुळे तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या पॉलिसी तिच्या डोक्यावर बसून राहत. खरी तातडीची नावे खाली गेल्यामुळे वाचणाराही कंटाळे. बंद पॉलिसींचे पान वेगळे केले आहे. तेथे पुनरुज्जीवनाची शेवटची तारीख लिहितो: सध्याच्या योजनांत पहिल्या थकलेल्या हप्त्याच्या तारखेपासून सर्वसाधारणपणे ५ वर्षे, युनिट लिंक्ड असेल तर ३ वर्षे, आणि बाँडवर याहून वेगळा काळ छापलेला असेल तर तोच.

एक मर्यादा मात्र या रचनेत राहतेच. ग्राहकाने मधेच वार्षिकचा हप्ता सहामाही करून घेतला तर ‘अंतर गुणिले संख्या’ हे गणित मोडते. अशा ओळीत मी हप्ता बदललेल्या वर्षदिनाची तारीख `D` मध्ये ‘मोजणीची आरंभ तारीख’ म्हणून ठेवतो, `H` तेथून शून्यापासून मोजतो, `F` मध्ये उरलेली वर्षे लिहितो, आणि मुदतपूर्तीची तारीख सूत्राऐवजी बाँडवरून हाताने भरून त्या रकान्याला पिवळा रंग देतो. सध्या वहीत असे सहा पिवळे रकाने आहेत.